टी-थ्री, टी-फोर नॉर्मल, मग टीएसएच एवढा कमी का?

रमजान ईदनंतर रायगड जिल्ह्यातील एका वाचक बहिणीचे पत्र आमच्याकडे आले. त्यांच्या सासूबाई, ज्यांना त्या अम्मी म्हणतात, ७२ वर्षांच्या आहेत. बारा वर्षांपासून ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. गळ्यावर थोडी सूज आहे, पण ती तरुणपणापासूनच असल्यामुळे कोणी तिकडे लक्ष दिले नव्हते. गेल्या सहा महिन्यांत वजन चार किलो उतरले. घरातल्यांनी त्याचे श्रेय रोज्यांना आणि म्हातारपणाला दिले. अधूनमधून छातीत धडधड होते, ती प्रेशरची समजली गेली. गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा रक्ताच्या इतर तपासण्यांबरोबर थायरॉईडही तपासले गेले. रिपोर्टमध्ये टी-थ्री नॉर्मल, टी-फोर नॉर्मल, आणि टीएसएच मात्र ०.०४.

बहिणीने पुढे लिहिले आहे: ‘एक डॉक्टर म्हणाले, हार्मोन नॉर्मल आहेत, काही करायची गरज नाही. माझे दीर मुंबईहून म्हणतात, लगेच गोळ्या सुरू करा. अम्मी म्हणतात, मला काही झालेलेच नाही, मला माझी नमाज आणि माझी नातवंडे द्या. आम्ही कोणाचे ऐकावे?’

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून यावेळचे सदर त्यालाच देत आहोत. पत्र लिहिणाऱ्या बहिणीच्या परवानगीने अम्मींच्या पुढच्या तपासण्यांचे तपशीलही देत आहोत. नाव-गाव अर्थातच नाही. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. तेव्हा येथे जे लिहिले आहे ते डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे आणि ते काय सांगत आहेत हे कळावे, एवढ्यासाठी आहे.

आधी रिपोर्ट वाचू. थायरॉईड ही गळ्यातील ग्रंथी टी-फोर आणि टी-थ्री हे हार्मोन बनवते. टीएसएच मात्र थायरॉईड बनवत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बनवते आणि त्याचे काम थायरॉईडला हुकूम देण्याचे. वर्गातल्या मॉनिटरसारखे समजा. मुले सुस्तावली की मॉनिटर ओरडतो. मुले आपणहून काम करू लागली की तो गप्प बसतो. रक्तात हार्मोन कमी पडले की टीएसएच वाढतो, आणि हार्मोन पुरेसे किंवा जास्त झाले की टीएसएच खाली येतो. म्हणूनच टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड जास्त, असा उलटा हिशेब असतो. अनेक घरांत हाच घोळ होतो. ‘टीएसएच कमी आला म्हणजे थायरॉईड कमी झाले’ असे समजून थायरॉईडची गोळी वाढवलेली आम्ही पाहिली आहे.

आता टी-फोर नॉर्मल असताना टीएसएच तळाला कसा? कारण हा मॉनिटर फार तीक्ष्ण कानाचा आहे. रक्तातला टी-फोर थोडासा जरी वाढला तरी टीएसएच कितीतरी पटींनी घसरतो. शिवाय लॅबची ‘नॉर्मल’ पट्टी ही हजारो लोकांवरून काढलेली रुंद पट्टी असते. प्रत्येक माणसाची स्वतःची पट्टी त्यात बरीच अरुंद असते. अम्मींचा टी-फोर लॅबच्या पट्टीत असेल, पण त्यांच्या स्वतःच्या शरीराला तो जास्त पडतो आहे, आणि ही बातमी पिट्युटरीने सर्वांत आधी दिली आहे. या अवस्थेला डॉक्टर सबक्लिनिकल हायपरथायरॉईडिझम म्हणतात. हार्मोन अजून मर्यादेबाहेर गेलेले नाहीत, पण थायरॉईड स्वतःच्या मर्जीने चालू लागले आहे, असा त्याचा अर्थ.

दिरांची घाई मात्र बरोबर नव्हती. एका रिपोर्टवर उपचार सुरू करत नाहीत. टीएसएच अनेक कारणांनी काही काळ खाली जातो आणि आपोआप वर येतो. मोठे आजारपण किंवा हॉस्पिटलमधला मुक्काम, स्टिरॉईडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन, सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त औषध, हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन, यांपैकी काही झाले असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. आणखी एक कारण आजकाल घराघरांत शिरले आहे: बायोटिन. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते भरपूर असते. बायोटिनमुळे थायरॉईड बिघडत नाही, पण कित्येक लॅबची तपासणीची पद्धत त्याने फसते आणि टीएसएच खोटाच कमी दिसतो. अम्मींची मोठी लेक कुवेतला आहे. ती येताना आईसाठी ‘केसांची ताकदीची’ बाटली घेऊन आली होती. बाटलीवर बायोटिन लिहिलेले होते. औषध नव्हे म्हणून कोणी डॉक्टरांना सांगितलेच नाही.

ती बाटली बंद करून सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा झाली. खरे तर बायोटिनचा असर जायला दोन-तीन दिवस पुरतात; सहा आठवडे थांबायचे ते टीएसएच टिकून कमी आहे का हे पाहण्यासाठी. हृदयाचा त्रास असेल किंवा टीएसएच अगदी तळाला असेल तर डॉक्टर याहून लवकर बोलावतात, आणि थोडासाच कमी असेल तर तीन महिन्यांनीही चालते. अम्मींचा दुसरा आकडा आला ०.०५. टी-थ्री आणि टी-फोर पुन्हा नॉर्मल. म्हणजे बायोटिनचा दोष नव्हता, टीएसएच खरोखरच दबलेला होता.

आता हा आकडा किती कमी आहे, याला फार महत्त्व आहे. बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची खालची मर्यादा ०.४ च्या आसपास असते. ०.१ ते ०.४ यांच्यामध्ये असेल तर तो सौम्य प्रकार. यातले बरेच लोक पुढच्या तपासणीत आपणहून नॉर्मल होतात. ०.१ च्या खाली गेला आणि तिथेच राहिला तर तो खरा दबलेला टीएसएच, आणि धोक्याचे बहुतेक पुरावे याच गटाबद्दल आहेत. अम्मींचे ०.०५ आणि शेजारच्या चाचांचे ०.२८, दोन्हींपुढे लॅबचा एकच बाण खाली दाखवलेला असतो. बाण सारखा असला तरी गोष्ट वेगळी आहे.

धोका कसला? पहिला हृदयाचा. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना एट्रिया म्हणतात. तिथून दर ठोक्याला विजेचा एक सुबक इशारा निघतो आणि हृदय तालात आकुंचन पावते. थायरॉईड हार्मोन जास्त झाले की या कप्प्यांच्या पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये पुरेशी विश्रांती घेत नाहीत. त्या लवकर पुन्हा पेटायला तयार होतात. मग इकडून तिकडून भलतेच इशारे निघतात आणि वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. हे एट्रियल फिब्रिलेशन. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त नीट पुढे सरकत नाही, कोपऱ्यात साचते, त्याची गुठळी होते, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा मारतो. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाला अशा झटक्याचा धोका सुमारे पाच पट असतो.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात लोकांच्या हृदयाचा दशकानुदशके अभ्यास चालू आहे. तिथल्या ६० वर्षांवरील सुमारे दोन हजार लोकांचे टीएसएच मोजून त्यांच्यावर दहा वर्षे लक्ष ठेवले गेले, आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापला गेला. ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता त्यांच्यापैकी दहा वर्षांत शंभरात २८ जणांना एट्रियल फिब्रिलेशन झाले. टीएसएच नॉर्मल असलेल्यांत शंभरात ११ जणांना. पुढे इतर देशांतल्या अभ्यासांची बेरीज झाली तेव्हाही हाच कल दिसला: टीएसएच ०.१ च्या खाली असेल तर धोका स्पष्ट वाढतो, आणि त्याच्या वर असेल तर वाढ बरीच कमी असते. हे आकडे उलटेही वाचावेत. दबलेल्या टीएसएचच्या शंभरातल्या ७२ जणांना दहा वर्षांत तो त्रास झाला नाही. आणि नॉर्मल टीएसएच असूनही अकरांना झाला, कारण वय हे स्वतःच मोठे कारण आहे.

एट्रियल फिब्रिलेशन कधी धडधडीने कळते, कधी चालताना दम लागण्याने, आणि कधी काहीच कळत नाही. म्हणून घरी नाडी पाहायला शिकून घ्या. वडीलधाऱ्यांना पाच मिनिटे शांत बसवा. त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, आपली पहिली दोन बोटे ठेवा आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, कारण आपल्याला आकड्यापेक्षा ताल पाहायचा आहे. अधूनमधून एखादा ठोका चुकणे पुष्कळांना असते. पण एकही दोन ठोक्यांमधले अंतर सारखे नाही, कधी घाईत तीन, कधी लांब खंड, असे पूर्ण मिनिटभर चालले तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. आजकाल घरी प्रेशरचे डिजिटल मशीन असते. त्यातल्या बऱ्याच मशीनवर ठोके अनियमित असतील तर हृदयाची एक खूण लुकलुकते. ती खूण वारंवार दिसत असेल तर मशीन बिघडले म्हणून दुकानदाराकडे नेण्याआधी माणसाला डॉक्टरांकडे न्या.

दुसरा धोका हाडांचा, आणि तो पूर्णपणे मुका असतो. आपले हाड जिवंत असते. जुना भाग कुरतडला जातो आणि तिथे नवा भरला जातो. थायरॉईड हार्मोन जास्त असले की हे चक्र घाईने फिरते. कुरतडणे लवकर होते, भरायला मात्र पुरेसा वेळ मिळत नाही, आणि प्रत्येक फेरीत थोडी तूट राहते. पाळी गेलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेनचे संरक्षण आधीच गेलेले असते, म्हणून ही तूट त्यांना सर्वांत जड पडते. तेरा अभ्यासांतल्या सुमारे ७० हजार लोकांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यानुसार कमी टीएसएच असलेल्यांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने जास्त होते, आणि टीएसएच ०.१ च्या खाली असलेल्यांत सुमारे साठ टक्क्यांनी. खुबा मोडलेली ७२ वर्षांची बाई घरात असणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून उपचार करायचा की नाही, हे तीन गोष्टी एकत्र पाहून ठरते: टीएसएच किती कमी आणि किती काळ, वय किती, आणि हृदय व हाडांची आजची स्थिती काय. अमेरिका आणि युरोपातील थायरॉईडतज्ज्ञांच्या संस्थांच्या शिफारशी येथे बऱ्याच जुळतात. वय ६५ च्या वर आणि टीएसएच टिकून ०.१ च्या खाली असेल तर उपचार करावा. वय ६५ च्या वर आणि टीएसएच ०.१ ते ०.४ मध्ये असेल तर उपचाराचा विचार करावा, विशेषतः हृदयरोग, मधुमेह, आधी झालेला लकवा किंवा ठिसूळ हाडे असतील तर. तरुण माणसाचा टीएसएच थोडासाच कमी असेल आणि त्रास काही नसेल तर फक्त लक्ष ठेवावे.

अम्मींच्या हृदयाची तपासणी झाली. साधा ईसीजी नॉर्मल निघाला. पण ईसीजी म्हणजे काही सेकंदांचा फोटो, म्हणून डॉक्टरांनी चोवीस तासांचे होल्टर मशीन लावले. अम्मींनी ते अंगावर घेऊनच पाचही नमाजा पढल्या. त्यात एट्रियल फिब्रिलेशन नव्हते, पण वरच्या कप्प्यांतून निघालेले जादा ठोके बरेच होते. इकोमध्ये डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालेला दिसला; बारा वर्षांच्या प्रेशरचा तो हिशेब. हाडांच्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली आला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. म्हणजे अम्मींच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. ‘हार्मोन नॉर्मल आहेत, काही करू नका’ हा सल्ला ४० वर्षांच्या, धडधाकट माणसाला कदाचित चालला असता, अम्मींना नाही.

शेजारच्या चाचांचे उदाहरणही बहिणीनेच दिले आहे. वय ६८, टीएसएच ०.२८, हार्मोन नॉर्मल. प्रेशर नाही, साखर नाही, ईसीजी ठीक, रोज सकाळी फजरनंतर तीन किलोमीटर चालतात. त्यांना डॉक्टरांनी गोळी दिली नाही. तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करायला सांगितला आणि मग सहा ते बारा महिन्यांनी. चाचांच्या घरच्यांना वाटले डॉक्टरांनी दुर्लक्ष केले. आमच्या मते ते दुर्लक्ष नव्हते, कारण गोळीलाही तिचे धोके आहेत.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वर दिलेले अभ्यास लोकांवर लक्ष ठेवून काढलेले आहेत. कमी टीएसएचवर उपचार केला म्हणजे पुढे एट्रियल फिब्रिलेशन आणि फ्रॅक्चर नक्की टळतात, हे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. उपचारानंतर हाडांची घनता टिकते किंवा सुधारते असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून शिफारशी धोक्याच्या आकड्यांवर उभ्या आहेत, आणि धोका जितका मोठा तितका उपचाराचा पाया पक्का. सौम्य प्रकारात दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मते देऊ शकतात, त्यात कोणी ढोंगी नसतो.

उपचार ठरवण्याआधी कारण शोधावे लागते. अम्मींच्या गळ्याच्या सोनोग्राफीत तीन-चार गाठी दिसल्या. मग थायरॉईड स्कॅन झाला: किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात आणि ग्रंथीचा कोणता भाग ते ओढून घेतो हे पाहतात. दोन गाठी काळ्याभोर उमटल्या आणि उरलेली ग्रंथी जवळजवळ दिसेनाशी. याचा अर्थ, त्या दोन गाठी पिट्युटरीचा हुकूम न मानता स्वतःच हार्मोन बनवत होत्या, आणि टीएसएच दबल्यामुळे बाकीची ग्रंथी झोपी गेली होती. जुन्या गलगंडात वयाबरोबर असे होते. या गाठी आपणहून शांत होत नाहीत. कारण ग्रेव्हज आजार असता, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने थायरॉईडला चिथावलेले असते, तर तो कधीकधी मावळतो आणि तिथे गोळ्यांचा काळ वेगळा मोजतात.

अम्मींपुढे दोन वाटा होत्या. पहिली कार्बिमाझोलची गोळी, कमी मात्रेत, ५ ते १० मिलीग्रॅम रोज. स्वस्त आहे, घरी घेता येते, पण गाठी असेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर. एक धोका दुर्मीळ पण मोठा: काही जणांच्या पांढऱ्या पेशी अचानक घटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून ही गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी झाली तर ‘वातावरण बदललंय’ म्हणून काढा पीत बसायचे नाही. गोळी त्याच दिवशी थांबवायची, सीबीसी करायची आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करायची नाही. डोळे पिवळे झाले तरी तेच. आम्हाला वाटते, या गोळीच्या पाकिटावर हे वाक्य घरातल्या कोणीतरी पेनने लिहून ठेवावे.

दुसरी वाट रेडिओआयोडीनची. आयोडीन-१३१ ची एक मात्रा तोंडाने घ्यायची. जाग्या असलेल्या गाठी ते ओढून घेतात आणि काही महिन्यांत आतून सुकत जातात. झोपलेली ग्रंथी फारसे घेत नाही, म्हणून ती बरीचशी वाचते आणि गाठी शांत झाल्यावर हळूहळू जागी होते. तरीही काही जणांचे थायरॉईड पुढे कमी पडते आणि थायरॉक्सिनची गोळी लागते. हे आधीच समजून घ्यावे. ‘किरणोत्सर्गी’ शब्दाने घरात घबराट झाली होती. हे औषध अनेक दशकांपासून वापरात आहे. मुंबईत परळला टाटा मेमोरियलच्या आवारातील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशाच कामासाठी आहे. औषधानंतर ठरावीक दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायचे, वेगळे झोपायचे आणि शौचालयात भरपूर पाणी टाकायचे. किती दिवस, ते मात्रेप्रमाणे केंद्र लिहून देते. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल मनात शंका असेल तर हे औषध द्रवरूपातही देतात, आधी विचारून ठेवावे. मोठा गलगंड श्वासनळी दाबत असेल तर ऑपरेशन, पण अम्मींना तशी गरज नव्हती.

अम्मींनी रेडिओआयोडीन निवडले. कारण त्यांच्याच शब्दांत, ‘रोज एक गोळी वाढवण्यापेक्षा एकदाच काय ते करा.’ पंधरा दिवस त्या लेकीच्या बंद घरात राहिल्या, कारण स्वतःच्या घरी दोन वर्षांचा नातू आहे. हाडांसाठी डॉक्टरांनी वेगळे औषध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले. थायरॉईड ठीक केले म्हणून उणे २.७ ची हाडे आपोआप भरत नाहीत. तीन महिन्यांनी टी-फोर आधीपेक्षा खाली आला होता, पण टीएसएच अजून ०.१२ च. घरचे निराश झाले. पण महिनोन्महिने दबलेली पिट्युटरी उठायलाही वेळ घेते. म्हणून उपचारानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर टीएसएचपेक्षा टी-फोरकडे जास्त पाहतात. सहाव्या महिन्यात टीएसएच १.१ आला. धडधड बरीच कमी आहे, वजन दीड किलो परत आले आहे.

आता ज्या घरांत असा कमी टीएसएच सर्वांत जास्त आढळतो त्यांच्याबद्दल. ही घरे गाठींची नाहीत. थायरॉईड कमी म्हणून वर्षानुवर्षे थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या आई-खालांची आहेत. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी १०० मायक्रोग्रॅम ठरले, आता वय सत्तर, वजन दहा किलोने कमी, आणि गोळी तीच. शरीराला आता तेवढी लागत नाही, आणि बाहेरून घातलेला जादा हार्मोन हृदयाला आणि हाडांना तितकाच बोचतो. येथे स्कॅन नको आणि कार्बिमाझोल तर मुळीच नको. डॉक्टरांच्या सांगण्याने मात्रा १०० वरून ८८ किंवा ७५ करायची आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहायचा, एवढाच उपचार. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये. एक अपवाद आहे: थायरॉईडच्या कॅन्सरनंतर काही रुग्णांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, त्यांनी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही बदलू नये.

रमजानमध्ये ही गोळी कधी घ्यावी, असे दरवर्षी विचारले जाते. ती रिकाम्या पोटी लागते. म्हणून एकतर सेहरीला उठल्याबरोबर पाण्याने घ्यावी आणि अर्धा ते एक तास थांबून खावे, किंवा रात्री शेवटच्या खाण्यानंतर किमान तीन तासांनी, झोपताना घ्यावी. इफ्तारच्या खजुराबरोबर किंवा सेहरीच्या दुधाच्या चहाबरोबर घेतली तर ती पुरती शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. आणि महिनाभर वेळा बदललेल्या असल्यामुळे टीएसएच तपासायचा असेल तर ईदनंतर सहा आठवडे नेहमीच्या वेळेला गोळी घेऊन मगच तपासावा, नाहीतर आकडा रमजानचा असेल आणि मात्रा वर्षभरासाठी बदलली जाईल.

वजन कमी करण्यासाठी कुठलीही पुडी किंवा भुकटी कोणी घेत असेल तर तिचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे; अशा काही चूर्णांत समुद्री शेवाळाचे आयोडीन किंवा सरळ थायरॉईड हार्मोनच मिसळलेले सापडले आहे. तपासणीला जाताना जुने टीएसएचचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. डॉक्टरांना आजच्या आकड्याइतकेच हे पाहायचे असते की तो कधीपासून घसरत आला आहे.